काउंटरसिंकच्या तपासणीत चुकीचा बॉल वापरल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

विषय : ९६ स्टील प्लेटांमधील काउंटरसिंकचा व्यास कमी असणे, आणि तपासणी अहवालात तो बरोबर दाखवला जाणे

महोदय,

आमचा साकीनाक्याला पॅकिंग यंत्रं बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आपल्याकडून आम्ही ९६ प्लेटा करून घेतल्या. प्रत्येक प्लेटला ६.६ मि.मी.ची सहा आरपार भोकं, आणि प्रत्येक भोकावर स्क्रूचं डोकं बसायला ९० अंशांचा उतार, म्हणजे काउंटरसिंक. ड्रॉइंगवर वरचा व्यास १२.७०, अधिक-उणे ०.०५ असा स्पष्ट दिला होता. काउंटरसिंकला एवढी कडक मर्यादा कोणी देत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आपण सांगितलेला जादा दर घासाघीस न करता मान्य केला.

कारण असं, की या प्लेटवरून प्लास्टिकची पातळ फिल्म घसरत जाते. स्क्रू आम्हीच टर्न केलेले आहेत. डोक्याची कड धारदार, व्यास १२.६०. ड्रॉइंगप्रमाणे काम असतं तर डोकं प्लेटच्या किंचित खाली बसलं असतं. प्रत्यक्षात ते सुमारे ०.०४५ मि.मी. वर येतं. डोळ्यांना दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं, आणि फिल्म तर पहिल्याच तासाला फाटली.

फोनवर आपल्याकडून उत्तर आलं, "रिपोर्ट बघा, १२.७० आहे, तुमचे स्क्रूच तपासा." तपासले. डोकी मायक्रोमीटरवर १२.६० भरली. मग आपला रिपोर्ट घेऊन बसलो. त्यात लिहिलं आहे : बॉल ८ मि.मी., दोन बाजूंना १० मि.मी.च्या स्लिप, डेप्थ मायक्रोमीटरचं रीडिंग ६.६९५.

पद्धत योग्यच आहे. काउंटरसिंकची कड बर काढताना मोडलेली असते, त्यामुळे व्हर्निअर नेमका कुठे टेकला हे कळत नाही. त्यापेक्षा बॉल उतारावर बसवायचा आणि त्याचा माथा प्लेटच्या किती वर आहे ते मोजायचं. मायक्रोमीटर १० च्या स्लिपवर टेकवून तिथून खाली माथ्यापर्यंत मोजतात, म्हणून आपल्या रीडिंगप्रमाणे माथा १० वजा ६.६९५, म्हणजे ३.३०५ वर. ९० अंशांच्या सिंकचा हिशोब सोपा आहे : बॉलच्या व्यासाला २.४१४२ ने गुणायचं आणि माथ्याच्या उंचीची दुप्पट वजा करायची. ८ ला गुणून १९.३१, वजा ६.६१, उत्तर १२.७०. आम्हीही ८ चा बॉल ठेवून पाहिला, तेच रीडिंग आलं. आपलं मायक्रोमीटर ठीक, गणितही ठीक.

मग आमच्या फिटरकाकांनी बेअरिंगचा १२ मि.मी.चा छर्रा टाकला. रीडिंग १.७७०, म्हणजे माथा ८.२३ वर. हिशोब केला तर २८.९७ वजा १६.४६, उत्तर १२.५१. भोक तेच, सिंक तोच, आणि फरक ०.१९ चा! आता खरं कोण बोलतंय, हे ठरवायला १० चा छर्रा आणला. माथा ५.८१६ वर, उत्तर पुन्हा १२.५१. दोन वेगळे बॉल एकच उत्तर देतात याचा आणखी एक फायदा म्हणजे सिंकचा कोन ९०च आहे हेही पक्कं होतं. कोन चुकला असता तर या दोघांचंही जमलं नसतं.

आता ८ च्या बॉलचं काय बिनसलं ते सांगतो. वरचं गणित एका अटीवर चालतं : बॉल उतारावर टेकला पाहिजे. ९० अंशांच्या सिंकमध्ये बॉल जिथे टेकतो त्या वर्तुळाचा व्यास बॉलच्या व्यासाच्या ०.७०७ पट असतो. ८ च्या बॉलला हे वर्तुळ ५.६६ चं लागतं. पण आपलं भोकच ६.६ चं आहे! जिथे टेकायचं तिथे उतार शिल्लकच नाही. त्यामुळे बॉल भोकाच्या वरच्या काठावर बसला आणि असायला हवा त्यापेक्षा ०.०९६ खाली गेला. उंची दुपटीने वजा होते, म्हणून व्यासात ०.१९ ची खोटी वाढ झाली. १२.५१ चा सिंक कागदावर नेमका १२.७० झाला. योगायोगाने अगदी मधोमध, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही.

हे तपासायला गणित करायचीही गरज नव्हती. आम्ही बॉलला निळी शाई लावून तो भोकात फिरवला. १२ च्या बॉलची खूण उताराच्या मध्ये रुंद पट्ट्यासारखी उमटली. ८ च्या बॉलची मात्र भोकाच्या काठावर केसासारखी बारीक रेघ आली.

परवा आपल्याकडच्या एका गृहस्थांनी सुचवलं, की यापुढे ८ च्या बॉलच्या उत्तरातून सरळ ०.१९ वजा करू. कृपया असं करू नका. ती चूक भोकाच्या मापावर अवलंबून आहे. ड्रिल थोडं मोठं कापायला लागून भोक ६.७ झालं, तर तीच चूक ०.२४ होते, आणि काठावर बर राहिली तर काय होईल ते सांगताच येत नाही. या कामाला ९.४ ते १७.६ मि.मी.मधला कोणताही बॉल चालेल. त्याहून मोठा घेतलात तर तो वरच्या कडेवर बसेल आणि पुन्हा मोडलेली कडच मोजली जाईल. १२ चा छर्रा बाजारात कुठेही मिळतो, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही आतापर्यंत १८ प्लेटा तपासल्या आहेत. सगळे व्यास १२.४९ ते १२.५३ मध्ये आहेत, म्हणजे टूल सेट करतानाची चूक एकच आणि सगळीकडे सारखी. सुदैवाने धातू जास्त काढलेला नाही, कमी काढलेला आहे, त्यामुळे प्लेटा भंगारात टाकायची वेळ आलेली नाही. टूल साधारण ०.०९५ ने आणखी खाली नेलं की माप येईल. मात्र टूल भोकाच्या मध्यावर नीट बसवूनच. घाईत हाताने ड्रिल धरून केलं तर सिंक एका बाजूला सरकेल, आणि मग कोणताच बॉल आम्हाला वाचवणार नाही.

तेव्हा आमची मागणी अशी, की ९६ प्लेटा आपण आपल्या टेम्पोने नेऊन आठ दिवसांत दुरुस्त करून द्याव्यात. पहिली प्लेट झाल्यावर १० आणि १२ अशा दोन्ही बॉलची रीडिंग आणि निळ्या शाईच्या खुणेचा फोटो आम्हाला पाठवावा. आम्ही होकार दिल्यावरच बाकीच्या लावाव्यात. जुना अहवाल मागे घेऊन नवा द्यावा. बिलाची उरलेली रक्कम तोवर आम्ही थांबवून ठेवली आहे.

आपल्या तपासनिसाला हे समजून घ्यायचं असेल तर साकीनाक्याला पाठवा. तिन्ही बॉल आणि ती प्लेट टेबलावर तशीच ठेवली आहे, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आपला,
मालक, पॅकिंग यंत्रांचा कारखाना
साकीनाका, मुंबई

सोबत : प्लेट क्रमांक ७ ची तिन्ही बॉलची रीडिंग, शाईच्या खुणांचे दोन फोटो, आपल्या अहवालाची प्रत