चार मुलांची सरासरी

महोदय,

खानापूरकडे पट घटल्याने काही मराठी तुकड्यांत चारच मुले असतात. सरासरी गुणांवरून तुकड्यांची क्रमवारी लावली, तर एक हुशार निघाले की तुकडी पहिली, एक आजारी पडले की शेवटची! यात शिक्षकांचा वाटा किती? क्रमवारी लावण्यापूर्वी प्रत्येक तुकडीत शाळेच्या सरासरीइतके गुण असलेली, समजा, १२ काल्पनिक मुले मिळवावीत. शाळेची सरासरी ६० असेल, तर चार मुलांची ८२ ही सरासरी ६५.५ वर येते. ३६ मुलांची ७० मात्र ६७.५ राहते. १२ हा आकडा मनाने ठरवू नये. तुकड्या-तुकड्यांतल्या फरकाच्या मानाने एकाच तुकडीतल्या मुलांमधला फरक जितका मोठा, तितका हा आकडा वाढवावा. खरोखर उत्तम असलेली छोटी तुकडीही यात मागे ओढली जाते, म्हणून तिचे दोन-तीन वर्षांचे गुण एकत्र धरावेत.

— एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)