सगळ्या म्हाताऱ्यांना एकाच गाठोड्यात बांधू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला पेन्शनवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागेना म्हणून हे लिहायला बसलोय. लेखाबरोबर तो फोटोही छापलाय तुम्ही, काठी टेकत चाललेल्या आजोबांचा, खाली ओळ काय तर 'तरुण करदात्यांच्या खांद्यावर वाढतं ओझं'. अहो, त्या आजोबांना पेन्शन मिळते का हे तरी विचारायचं होतं की फोटो काढणाऱ्याने! आमच्या विडी घरकुल भागात असे आजोबा गल्लोगल्ली सापडतील, त्यातल्या बहुतेकांना सरकार काय देतं ते सांगितलं तर तुमचा लेखकच खिशातून शंभराची नोट काढून देईल.

मी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, दर महिन्याला पीएफचं चलन माझ्याच हाताने भरतो, त्यामुळे हे अगदीच हवेत बोलत नाहीये. लेखात जपान, जर्मनीचं दिलंय ते बरोबर असेल. तिथे आजच्या कामगारांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन जाते, जर्मनीत तर साठवून ठेवलेलं फारसं काही नसतं. हिशोब सरळ आहे. पगार 16 हजार आणि पेन्शन त्याच्या निम्मी म्हणजे 8 हजार धरा, एका पेन्शनरामागे चार कमावते असतील तर प्रत्येकाचे 2 हजार जातात, दोनच उरले तर 4 हजार जातात. जन्म कमी झाले, आयुष्य वाढलं की हे होणारच. पण हेच गणित उचलून आपल्याकडच्या साठीपुढच्या सगळ्यांना लावलं की घोटाळा होतो. 2011 ला देशात साठीच्या वरचे साधारण साडेआठ टक्के होते, 2036 पर्यंत 15 टक्क्यांच्या आसपास जातील, हे आकडे दिलेत ते ठीक. पण त्या 15 टक्क्यांतल्या किती जणांची पेन्शन करातून जाते ते सांगायचं राहिलंच.

आपल्याकडे करातून, बाजूला काहीही न ठेवता जाणारी मोठी पेन्शन एकच, ती म्हणजे सरकारी नोकरांची जुनी पेन्शन. शेवटच्या बेसिकच्या निम्मी, वर महागाई भत्ता, वेतन आयोग आला की परत वाढ, आणि माणूस गेला की बायकोला 30 टक्के. केंद्राने 1 जानेवारी 2004 नंतरच्या भरतीला आणि आपल्या राज्याने 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्या भरतीला ती बंद केली आणि एनपीएस आणली. त्यात नोकराचे 10 टक्के आणि सरकारचे आता 14 टक्के त्याच्या खात्यात दर महिन्याला खरोखर जमा होतात. मार्च 2023 चा संप आठवत असेलच सगळ्यांना, 'एकच मिशन जुनी पेन्शन'.

आता लेखात जे नाही ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुमच्या लेखकाला वाटतं की जुनी पेन्शन परत आणली की सरकारवर लगेच बोजा येतो. उलट आहे हो! पहिली पंधरा वर्षं सरकारच्या हातात पैसा जास्त खेळतो. एक क्लार्क धरा, 2006 ला वयाच्या 26 व्या वर्षी लागला, आज बेसिक आणि महागाई मिळून 60 हजार. एनपीएसमध्ये सरकारला त्याच्या नावाने दर महिन्याला 8,400 बाजूला काढावेच लागतात आणि त्याच्या पगारातले 6 हजारही सरकारच्या हातातून निघून जातात. जुनी पेन्शन लागू केली की 8,400 चा प्रश्नच मिटला, आणि त्याची पगारातली कपात जीपीएफला, म्हणजे सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीला वळवली की तेही सरकारच्याच तिजोरीत फिरत राहतात, व्याज देऊन. असे लाखो कर्मचारी मोजा म्हणजे राजस्थानने 2022 ला आणि हिमाचलने 2023 ला हा निर्णय एवढ्या खुशीत का घेतला ते कळेल. कर्मचारी खूश, मंत्री खूश, आणि त्या वर्षीच्या बजेटमध्ये खर्चही कमीच दिसतो.

बिल येतं 2038 ला, तो क्लार्क 58 चा होऊन घरी बसला की. तेव्हा पगार आजच्या किमतीत लाखभर असला तर पेन्शन 50 हजार, माणूस 82 पर्यंत जगला तर 24 वर्षं, म्हणजे 1 कोटी 44 लाख, तेही आजच्या रुपयात आणि पुढचा वेतन आयोग न धरता. हे भरणार कोण? आज जे पोरगं दुसरीत आहे ते तेव्हा वीस वर्षांचं असेल आणि त्याच्या चाळिशीपर्यंत ते हे भरत राहील. त्याला ना मतदान, ना संप करता येतो. ओझं म्हाताऱ्यांनी टाकलेलं नाही साहेब, बाजूला पैसे न ठेवता शब्द देणाऱ्यांनी टाकलंय. लेखात भिशीची उपमा दिलीय तीसुद्धा चुकली, भिशीत मेंबर ठरलेले असतात आणि प्रत्येकजण आपलेच पैसे उचलतो, इथे शेवटचा मेंबर अजून जन्माला यायचाय आणि त्याला हो म्हणायला लावून मोकळे.

यावर आमच्या शेजारचे रिटायर्ड गुरुजी चिडतात. त्यांची पेन्शन माझ्या पगारापेक्षा जास्त आहे, हे मी तोंडावर कधी म्हणत नाही पण त्यांना कळतं ते. ते म्हणतात, "अरे, पेन्शन म्हणजे काय खैरात आहे का? नाकारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, 17 डिसेंबर 1982, म्हणून तर आम्ही तो दिवस पेन्शनर दिन पाळतो." खरंय गुरुजी, केलेल्या नोकरीचा तो राहिलेला पगारच आहे आणि दिलेला शब्द पाळायलाच हवा, तुमचा एक रुपयाही कुणी काढू नये. पण राहिलेला पगारच असेल तर नोकरी चालू असताना तो दर महिन्याला बाजूला ठेवायला सरकारचं काय जात होतं? यावर गुरुजी चहा मागवतात.

आता माझ्या आईचं सांगतो. तिनं सगळं आयुष्य विड्या वळल्या. ब्रँचमधून पान-तंबाखू आणायची, घरी बसून हजार वळायच्या, आणि तिकडे मोजताना खराब विड्यांची छाट काढून टाकली की त्याचे पैसे गेले. पीएफला नाव लागलं 1998 ला, 58 पूर्ण झाली 2017 ला. तिची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, तिचं सूत्र असं की शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले 70. पगार 4,200, वर्षं 19, म्हणजे 1,140 रुपये महिना. हे करातून नाही, मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के दर महिन्याला त्या फंडात जमा होत होते (चलनात 10 नंबरचं खातं असतं ते), सरकारचा वाटा फक्त 1.16 टक्के. आणि हे 1,140 तेव्हापासून आजपर्यंत 1,140 च आहेत! महागाई भत्ता नाही, आयोग नाही, काही नाही. कमीत कमी पेन्शन 2014 ला 1 हजार ठरवली तीही अजून तिथंच.

गंमत बघा, ज्यांनी कधीच काही भरलं नाही त्यांना श्रावणबाळमध्ये 1,500 मिळतात (मिळावेतच, त्यांच्याबद्दल तक्रार नाही), पण त्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं आणि आई माझ्याजवळ राहते म्हणून ती त्यात बसत नाही. म्हणजे जिनं भरलं तिला कमी. ही माझी आई तुमच्या फोटोखालच्या ओळीत 'ओझं' झाली. आणि माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर आहे, त्याला ना पीएफ ना पेन्शन, पण मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के जीएसटी तोही भरतो, तेव्हा तुमचे 'तरुण करदाते' म्हणजे फक्त पुण्यातले आयटीवाले नव्हेत. त्याच्या पैशातून गुरुजींची पेन्शन जाते आणि त्याच्या स्वतःच्या म्हातारपणी काहीच नाही, लिहायचंच होतं तर यावर लिहायचं होतं.

लिहायला घेतलंच आहे तर दुसरंही सांगतो, याचा लेखाशी संबंध नाही पण आईच्या 1,140 शी आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, मशीनवर अंगठा. विड्या वळून वळून बायकांच्या बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या असतात, मशीन अंगठा घेतच नाही. गेल्या वर्षी एका केंद्रावर आईला "उद्या या" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशीही तेच, तोपर्यंत मुदत उलटली आणि पेन्शन थांबली. चेहरा दाखवून मोबाईलवर दाखला देता येतो, ही सोय ईपीएसवाल्यांना 2022 पासून आहे, पण काउंटरवरच्या पोराला ते माहीतच नव्हतं किंवा करायचं नव्हतं. शेवटी मीच घरी उजेडात बसवून मोबाईलवर केलं, पेन्शन सुरू झाली. पण ज्यांच्या घरात हे करणारं कुणी नाही त्या बायकांनी काय करायचं? आणि एक, ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, तरी नोव्हेंबरातच सगळ्यांना लायनीत उभं करतात. हे तुम्ही एकदा ठळक छापलंत तरी घरकुलातल्या शेकडो म्हाताऱ्यांचं काम होईल, तिथे तुमचा पेपर येतो.

आणि युनिफाइड पेन्शनबद्दल लेखात एकच वाक्य होतं, "मध्यम मार्ग" म्हणून. सरकारी नोकरांसाठीची ही योजना आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केली, 25 वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी बेसिकच्या निम्मी हमी, आणि केंद्रात सरकारचा वाटा 14 वरून 18.5 टक्के. निदान काहीतरी दर महिन्याला बाजूला पडतंय म्हणून जुनीपेक्षा बरी. पण फंड कमी पडला तर वरचे कोण देणार, तर परत तो दुसरीतला पोरगा. तुमच्या मुंबईच्या प्रतिनिधीला अधिवेशनात एवढा एकच प्रश्न विचारायला लावा, की 2038 मध्ये किती कर्मचारी रिटायर होणार आहेत आणि त्यांच्यासाठी आज किती रुपये बाजूला आहेत. उत्तर मिळालं तर पहिल्या पानावर छापा.

मागच्या वेळी पाणीपुरवठ्यावरचं माझं पत्र छापताना निम्मं कापलं होतं आणि राहिलेल्या निम्म्यात मी महापालिकेचं कौतुक करतोय असं वाटत होतं. या वेळी कापायचंच असेल तर गुरुजींचा भाग कापा, त्यांच्याकडे तुमचा पेपर येतो आणि मला त्यांच्या शेजारीच राहायचंय.

आपला,
एक वाचक
विडी घरकुल, सोलापूर