सव्वापाच रत्ती म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की आपल्याकडे गुरूच्या खड्याची चौकशी वाढते. गुरू सिंह राशीत येतो म्हणून तर सिंहस्थ, आणि पुष्कराज गुरूचा. पंचवटीत, सराफ बाजारात, त्र्यंबकच्या वाटेवर सध्या जो तो ‘गुरुजींनी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सांगितलाय’ म्हणत खडा शोधतो आहे. खड्याने लग्न जमते का, नोकरी लागते का, या वादात मी पडत नाही. माझा स्वतःचा विश्वास नाही, पण ज्यांचा आहे त्यांची अंगठी घडवूनच माझे घर चालले. जडावाच्या कामात हयात गेलेला माणूस म्हणून मला काटा कळतो. त्या काट्यावर गिऱ्हाईक कुठे नाडले जाते, तेवढेच या पत्रात लिहितो.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलीसाठी पुष्कराज घेतला. दोन दुकाने फिरल्या. एकाने भाव सांगितला कॅरेटला 11,000 रुपये, दुसऱ्याने रत्तीला 9,000. साहजिकच त्यांना दुसरे दुकान स्वस्त वाटले. सव्वापाच रत्तीचे 47,250 रुपये मोजले आणि खडा कोंदणात बसवायला माझ्याकडे घेऊन आल्या. पुडी उघडून काट्यावर ठेवली तर आकडा आला 0.638 ग्रॅम. वहिनी म्हणाल्या, “काका, सव्वापाच रत्तीच आहे ना? बिलावर तसंच लिहिलंय.”

होते. सव्वापाच रत्तीच होते. फक्त कुठली रत्ती, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि ज्या गुरुजींनी वजन सांगितले त्यांनाही बहुधा ते ठाऊक नसावे.

आपल्या सोनारी हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज 121.5 मिलिग्रॅमची. हीच सोनारी रत्ती, काही जण तिला कच्ची म्हणतात. खड्यांच्या बाजारात मात्र जी रत्ती चालते, ती हिच्या दीडपट, सुमारे 182 मिलिग्रॅमची. तिला पक्की म्हणतात. कॅरेट 200 मिलिग्रॅमचा, तेव्हा पक्की रत्ती म्हणजे 0.91 कॅरेट. आता सव्वापाच रत्तीचे गणित करा. पक्क्या रत्तीने खडा भरायला हवा 4.78 कॅरेट, कच्च्या रत्तीने तो भरतो फक्त 3.19 कॅरेट. एकाच चिठ्ठीवरचे ‘सव्वापाच’ वाचून एक दुकानदार एक खडा दुसऱ्याच्या दीडपट वजनाचा असे दोन खडे दाखवू शकतो आणि दोन्ही वेळा शपथेवर खरे बोलू शकतो.

वहिनींचा खडा 3.19 कॅरेटचा. 47,250 भागिले 3.19 केले की कॅरेटला 14,800 रुपये पडले. म्हणजे ज्या दुकानात 11,000 ऐकून त्या पायरी उतरल्या, तिथे याच वजनाचा खडा 35,000च्या घरात मिळाला असता. दोन खड्यांचा दर्जा सारखाच होता असे मी म्हणत नाही; दुसरा मी पाहिलेलाच नाही. पण भावाची तुलना जिथून सुरू व्हायला हवी होती, तिथूनच ती फसली होती.

याहून बारीक चोरी वेगळीच असते. रत्ती पक्कीच धरायची, पण भाव कॅरेटचा सांगून आकडा रत्तीचा गुणायचा. 4.78 ने गुणण्याऐवजी 5.25 ने गुणले की दहा टक्के आपोआप खिशात. बिलावर नुसते ‘वजन 5.25’ लिहिलेले असते, पुढे एकक नसते. कॅल्क्युलेटर गिऱ्हाइकाच्या समोर, तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून खडा नेहमी सुटा असताना, पुडीतून काढून, आपल्यासमोर वजन करून घ्यावा आणि आकडा कॅरेटमध्ये किंवा ग्रॅममध्ये मागावा. ग्रॅम मिळाले तर पाचने गुणले की कॅरेट झाले. काटाही पाहा. सोन्याचा काटा पुष्कळदा 10 मिलिग्रॅमच्या टप्प्याने चालतो; खड्याला 1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि त्यावर वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का हवा. वजनमापाच्या कायद्यात खड्यांसाठी कॅरेट आहे, रत्ती नाही. तेव्हा बिलावर कॅरेट मागताना संकोच वाटायचे काही कारण नाही. ज्योतिषांनाही एक विनंती: चिठ्ठीवर रत्तीसोबत कॅरेटही लिहा. एवढ्याने निम्मा घोळ मिटेल.

वजनाच्या नादात आणखी एक गोष्ट सुटते. खडा आडवा धरून बाजूने पाहावा. पुष्कळ खड्यांचे पोट सुटलेले असते, कारण पैलू पाडणाऱ्याने वजन वाचवण्यासाठी खालचा भाग जाड ठेवलेला असतो. ते वजन कोंदणात गडप होते, वरून खडा तेवढाच दिसतो आणि पैसे मात्र पोटाचेही जातात. सव्वापाच भरलेच पाहिजे असा आग्रह असला की असेच खडे गळ्यात पडतात.

आता वहिनींच्या खड्याचे पुढचे. पुडीसोबत प्लॅस्टिकचे चकचकीत कार्ड होते, वर ठळक अक्षरांत ‘नॅचरल यलो सफायर’. दुकानदाराने तेच बोट ठेवून दाखवले होते. खाली शेरा होता, बारीक टायपात: ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’. खडा नैसर्गिक होताच, खाणीतलाच होता. पण भट्टीत तापवून त्याचा रंग आणि स्वच्छपणा वाढवलेला होता. नैसर्गिक असणे आणि काहीही न केलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा भावाचा फरक दुसरीत आहे. तापवलेला खडा विकणे ही फसवणूक नव्हे, जगभर विकला जातो. न तापवलेल्याच्या भावाने विकला की फसवणूक. शिवाय ज्योतिषासाठी घेणाऱ्याला बहुधा न तापवलेलाच हवा असतो आणि तो त्याला मिळालेला नसतो.

यातला सर्वांत लबाड प्रकार बेरिलियमचा. खडा अतिशय उष्णतेत बेरिलियमसोबत भाजतात, ते आत शिरते आणि फिक्कट, कमी किमतीच्या खड्याला गर्द सोनेरी पिवळा रंग येतो. 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांत थायलंडमधून असे खडे बाजारात आले, तेव्हा मोठमोठे जाणकार चकले होते. सिलोनचा न तापवलेला पुष्कराज बहुतेक वेळा फिक्कटच असतो. गर्द, एकसारखा पिवळा, आत एक डाग नाही आणि भाव परवडणारा, असे सगळे एकत्र दिसले तर आनंद नको, शंका हवी. भिंगातून पाहताना न तापवलेल्या खड्यात रेशमासारख्या बारीक सुया अखंड दिसतात, तापवलेल्यात त्या तुटून ठिपके होतात. पण हे अनुभवी डोळ्याचे काम. बेरिलियम तर भिंगाने पकडता येतच नाही, त्याला प्रयोगशाळेतली महागडी उपकरणे लागतात.

घरगुती म्हणावी अशी एकच परीक्षा मी सांगेन, तीही बनावट ओळखण्यापुरती. सुनेला नावाचा पिवळा खडा पुष्कराज म्हणून पुष्कळ खपतो. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करावा. खडा दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवावा, पण वाटीला टेकू देऊ नये. काट्यावर जो आकडा येतो, त्याने खड्याच्या कोरड्या वजनाला भागावे. खऱ्या पुष्कराजाचे उत्तर चारच्या जवळ येते, सुनेल्याचे 2.65 च्या. वहिनींच्या 0.638 ग्रॅमच्या खड्याने पाण्यात 0.16 दाखवले, म्हणजे जात खरी होती. सुनेला असता तर 0.24 आले असते. पण प्रयोगशाळेत तयार केलेला कृत्रिम पुष्कराजही चारच दाखवतो आणि तापवलेलाही चारच. तेव्हा ही परीक्षा पास झाली म्हणून पैसे मोजू नयेत.

त्यासाठी दुकानाच्या ओळखीतले कार्ड नव्हे, स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. मुंबई जवळ आहे. रिपोर्टवर कॅरेटमध्ये वजन आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी-उंची असते. ती हातातल्या खड्याशी पडताळून पाहावी, नाहीतर रिपोर्ट एका खड्याचा आणि पुडीत दुसराच. रिपोर्टचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बिलावर ‘नैसर्गिक पुष्कराज, न तापवलेला’ असे शब्द, कॅरेट, रिपोर्ट क्रमांक आणि ‘तपासणीत फरक आढळल्यास पूर्ण पैसे परत’ एवढे लिहून मागावे. हे सगळे अंगठी घडवण्याआधी. खडा एकदा कोंदणात बसला की वजनही होत नाही आणि दुकानदारही परत घेत नाही. अंगठीवरच्या हॉलमार्कवर विसंबू नये, तो सोन्याचा असतो, खड्याशी त्याचा संबंध नाही. आणि अंगठीच्या एकूण वजनातून खड्याचे वजन वजा करूनच सोन्याचा हिशेब झाला आहे ना, तेही पाहून घ्यावे.

वहिनींचा खडा मी बसवला नाही, पुडी तशीच परत दिली. कार्डावरचा शेरा आणि कॅरेटचा हिशेब कागदावर मांडून त्या दुकानात गेल्या. बरीच बाचाबाची झाली, पण खडा सुटाच होता आणि बिलही पक्के होते. दुकानदाराने 40,000 परत केले, उरलेले ‘तपासणी खर्च’ म्हणून कापले. ग्राहक आयोगाकडे जायचा सल्ला मी दिला होता. मुलीच्या लग्नाच्या वेळी कोर्टकचेरी नको, असे म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

आपल्या वृत्तपत्रामार्फत वैधमापन खात्याला माझी एवढीच मागणी आहे: सिंहस्थाआधी नाशिक आणि त्र्यंबकच्या खड्यांच्या दुकानांतले काटे तपासावेत, आणि प्रत्येक दुकानात दर्शनी भागात खड्याचा भाव कॅरेटमध्येच लिहायला लावावा.

आपला,
एक जडाव कारागीर
पंचवटी, नाशिक