‘किरकोळ रक्तस्राव’ कोणासाठी किरकोळ?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भनिरोधक इंजेक्शन आणि इम्प्लांटवर लेख आला होता. माहिती बरोबर होती, खटकला तो एक शब्द. दुष्परिणामांच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘किरकोळ अनियमित रक्तस्राव’. मी पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं आहे. इंजेक्शन अर्ध्यावर सोडून गेलेल्या बायका आठवल्या की बहुतेकींची तक्रार हीच होती.

एकीचंच सांगते. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणारी, चार घरी स्वयंपाकाची कामं करणारी, दोन मुलांची आई. १२ जूनला ती ‘अंतरा’चं पहिलं इंजेक्शन घ्यायला आली. पाळीचा तिसरा दिवस होता, म्हणजे त्याच दिवसापासून संरक्षण लागू. त्या दिवशी गर्दी होती. मी दंडात इंजेक्शन दिलं, “चोळू नकोस गं, शेकूही नकोस” एवढं बजावलं, कार्डावर १२ सप्टेंबर ही पुढची तारीख घातली आणि “पाळी जरा मागेपुढे होईल” म्हणून पाठवून दिलं. चूक माझीच.

अठराव्या-विसाव्या दिवसापासून तिला डाग लागायला लागले. चार दिवस लागायचे, दोन दिवस थांबायचे, पुन्हा सुरू. फार जायचं नाही, पण कोरडा असा आठवडा मिळेना. सासूनं देवाजवळ जाणं बंद केलं. गौरी आल्या तेव्हा एका घरच्या बाईंनी पुरणाला बसवायच्या आधी विचारलं, हिनं खरं सांगितलं, आणि त्या घरचं चार दिवसांचं काम दुसरीला गेलं. १२ सप्टेंबरला ती आलीच नाही. ऑक्टोबर संपता संपता आली ती “सिस्टर, आता थेंब पण येत नाही, आत सगळं साठलंय, पिशवी धुवून द्या” असं म्हणत.

तेव्हा तिला बसवून जे सांगितलं ते जूनमध्येच सांगायला हवं होतं. तिचं माहेर वेल्ह्याकडचं, त्यामुळे सारवलेल्या जमिनीचाच दाखला दिला. दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत एक जाड अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते सुटून येतं, तीच पाळी. इंजेक्शनमधलं औषध प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. त्यानं अंडाशयातून बीज बाहेर पडणं थांबतं, हे मुख्य काम. शिवाय पिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव इतका घट्ट होतो की शुक्राणू वर चढत नाहीत. आणि आतलं अस्तर पातळ राहतं. पातळ हाताचं सारवण कसं इथून तिथून पोपडे धरतं, तसं सुरुवातीच्या महिन्यांत होतं. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, कुठेतरी फुटतात, डाग लागतो. पुढे अस्तर इतकं पातळ होतं की सुटून यायला काही उरतच नाही. साठलेलं नसतंच, मग धुवायचं काय?

ती हसली. मग म्हणाली, “हे आधी सांगितलं असतं तर सासूला मीच समजावलं असतं.” हे वाक्य मला पुढे नोकरीभर पुरलं.

इंजेक्शन नियमित घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या बायकांची पाळी वर्षभरात बंद होते. पहिले तीन ते सहा महिने त्रासाचे असतात. इम्प्लांटचं गणित वेगळं आहे, आणि आपल्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळली होती. इम्प्लांट म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढी मऊ कांडी. दंडाच्या आतल्या बाजूला, ती जागा बधिर करून, कातडीखाली बसवतात. तीन वर्षं चालते. तिच्यात पाळी हळूहळू बंद होईलच असं नाही. पाचातल्या एकीची होते, पाचातल्या एकीला वरचेवर किंवा लांबलेला रक्तस्राव होत राहतो, बाकीच्यांचं कधी येईल त्याचा नेम नसतो. पहिल्या तीन महिन्यांत जसं जातं, साधारण तसंच पुढेही राहतं. पहिले महिने बरे गेले तर पुढेही बहुधा बरेच जातात. सुरुवात वाईट झाली तरी पुढे सुधारण्याची आशा असते, पण खात्री देऊ नये.

म्हणून सुरू करण्याआधी मी विचारू लागले, “महिनाभर डाग लागले तर घरी कोण काय म्हणेल? पाळी आलीच नाही तर तुला झोप लागेल का?” दुसऱ्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणारीला इंजेक्शनपेक्षा तांबी बरी, असं माझं मत. तिच्यात पाळी येते, फक्त थोडी जास्त जाते. वर्षभरात मूल हवं असेल तिलाही इंजेक्शन नको. शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात, आणि एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही. इम्प्लांट काढता येतं आणि काढल्यावर बीज लवकर सुटू लागतं. पण टीबीची रिफाम्पिसिनची गोळी चालू असेल तर इम्प्लांटवर भरवसा ठेवू नये, इंजेक्शन चालतं. कारण न कळलेला रक्तस्राव आधीपासूनच असेल, किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर दोन्हींच्या आधी डॉक्टर.

डाग लागणं आणि धोका यांतला फरकही आधीच सांगावा. एरवीच्या पाळीच्या दुप्पट दिवस किंवा दुप्पट जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, पोटात जोरात दुखत असेल तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. त्याहून कमी पण जीव मेटाकुटीला आणणारं असेल, तरी सोसत बसायचं कारण नाही. डॉक्टर इब्युप्रोफेनसारखी गोळी पाच दिवस देतात, बऱ्याच जणींचं त्यानं तेवढ्यापुरतं थांबतं. इंजेक्शन सोडायचं असेल तर सोडावं, पण सांगून, म्हणजे मधल्या काळात दुसरं काही देता येतं.

माझ्या त्या बाईचं पुढे काय झालं? ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत, डोस देता आला असता. ती मुदत टळली होती. लघवीची चाचणी निगेटिव्ह आली, पण मधे संबंध आले होते, तेव्हा एका चाचणीवर विसंबता येईना. तीन आठवडे निरोध दिले, पुन्हा चाचणी केली, तीही निगेटिव्ह, मग इंजेक्शन दिलं आणि वर सात दिवस निरोध. या खेपेस सासूला बरोबर घेऊन आली होती. सारवणाचा दाखला पुन्हा दिला. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, “मग देवाला चालतं का नाही, ते सांगा.” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “आई, ही पाळी नाही, औषधाचा डाग आहे,” एवढंच म्हणाले. पुढच्या तारखेला सून एकटी आली, पण वेळेवर आली.

पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा ‘किरकोळ’ हा शब्द गाळावा, आणि इंजेक्शन व इम्प्लांट यांच्या चौकटी वेगळ्या कराव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सहकारनगर, पुणे