पिंट्याला पत्र, पहिल्या बायोडाटाबद्दल

चि. पिंट्या,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेली पीडीएफ मोबाईलवर वाचली, मग चष्मा लावून परत वाचली, आणि मग काकूला वाचून दाखवली तर ती म्हणाली की हा मुलगा कोण आहे, आपला पिंट्या कुठेय यात? म्हणून फोन न करता लिहितोय, फोनवर तू "हो काका, हो काका" करतोस आणि पुढे काही होत नाही.

तुला माहितीये गेली वीसेक वर्षं आपल्या मंडळाच्या वधूवर सूचीचं काम माझ्याकडे आहे. आधी फॉर्म हाताने भरून यायचे, फोटो मागे नाव लिहून स्टेपल केलेले असायचे, आता सगळं व्हॉट्सॲपवर येतं. पण एक फरक झालाय जो तुम्हा पोरांच्या लक्षातच येत नाही. पूर्वी छापलेली सूची वर्षभराने रद्दीत जायची, पुढच्या वर्षी नवा फॉर्म, नवी माहिती, जुनं कोणी काढून बघत नव्हतं. आता तुझी पीडीएफ एकदा रामबागेतल्या कुठल्या मावशीच्या हाती लागली की ती सुदामा नगरला जाते, तिथून देवास, तिथून पुणे, ठाणे, नाशिक, आणि दोन वर्षांनी सुद्धा कुठल्यातरी ग्रुपवर "उत्तम स्थळ" म्हणून फिरत असते. परत बोलावता येत नाही ती. तू नंतर सुधारून दुसरी काढलीस तरी पहिली मरत नाही, दोन्ही फिरतात.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक मुलगा होता, नाव नाही सांगत, चांगला पोरगा, नोकरी चांगली. पहिल्या बायोडाटात उंची 5 फूट 9, वार्षिक उत्पन्न 14 लाख. दीडेक वर्ष काही जमलं नाही, मग कोणीतरी समजावलं म्हणून नवीन केला, त्यात उंची 5 फूट 7 आणि उत्पन्न 10 लाख, म्हणजे खरं ते. आता झालं काय की बोरिवलीचे लोक मुलीला घेऊन अवंतिकेने रात्रभर प्रवास करून सकाळी इंदूरला उतरले, पोहे-जिलेबी झाली, गप्पा छान चालल्या होत्या, मी मध्यस्थ म्हणून बसलेलो. मुलीच्या मामाने हळूच मोबाईल काढला, दोन्ही पीडीएफ त्याच्याकडे होत्या, वेगवेगळ्या दोन नातेवाईकांकडून आलेल्या. रागावला बिगावला नाही तो, फक्त विचारलं, "यातला कुठला धरायचा?" आता बघ, दुसरा बायोडाटा शंभर टक्के खरा होता, पण त्या क्षणी तोही खोटा ठरला. पोराचा चेहरा मला अजून आठवतो. दुपारी त्यांना मीच स्टेशनवर सोडलं, रस्त्यात कोणी बोललं नाही.

म्हणून म्हणतो, पहिलाच साधा आणि खरा कर. आता तुझ्या पीडीएफकडे येतो.

पहिलं म्हणजे पगार. तू "15 लाख प्लस" लिहिलंयस. तुझ्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले ऑफर लेटरवर 12 आहे, मग 15 कसे, तर पुढच्या वर्षीची वाढ आणि जॉईनिंगचा बोनस धरून. अरे भिया, ते 12 सुद्धा सीटीसी आहे ना! तुझ्या बाबांनी लेटरचा फोटो पाठवला, मी बँकेत आयुष्य काढलंय, कागद घेऊन बसलो. बेसिक महिना 40 हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 4,800, वर्षाचे 57,600 झाले, ते त्या 12 लाखातच मोजलेत. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे वर्षाला 23 हजारच्या आसपास, तीही त्यातच, आणि ती हातात कधी येणार तर पाच वर्षं टिकलास तर, असंच बहुतेक ठिकाणी असतं. व्हेरिएबल 1 लाख 20 हजार, ते कामगिरी बघून, पूर्ण मिळेलच असं नाही. हे सगळं वजा केलं की उरतात 10 लाखाला थोडे कमी, म्हणजे महिना सुमारे 83 हजार. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ परत 4,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 208 गेले की हातात 78 हजार. नव्या पद्धतीत या पगारावर सध्या इन्कम टॅक्स बसत नाही, ते एक बरं.

आता समोरचा माणूस "15 लाख" वाचतो तेव्हा काय करतो? बाराने भागतो. सव्वा लाख महिना. मग तो त्या हिशोबाने घर, गाडी, मुलीची नोकरी सुटली तर काय, हे सगळं डोक्यात मांडून येतो. आणि मुलीचा बाप माझ्यासारखा रिटायर्ड असला तर तो सॅलरी स्लिप नाहीतर फॉर्म 16 मागणारच, आजकाल मागतात, त्यात वाईट काही नाही. सव्वा लाख ऐकून आलेल्याला 78 हजारची स्लिप दाखवशील तर 78 हजार कमी वाटतील. खरं तर इंदूरला, घर स्वतःचं असताना, 78 हजार कमी अजिबात नाहीत. म्हणून असं लिही: "वार्षिक 12 लाख (सीटीसी), दरमहा हातात सुमारे 78 हजार." साइटवर जिथे रेंज निवडायची असते तिथे ज्या रेंजमध्ये 12 येतात तीच निवड, वरची नाही.

उंची. तू 5 फूट 8 लिहिलीयस. आपल्या जुन्या घराच्या मधल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, तुझी शेवटची खूण तू नोकरीला लागलास त्या दिवाळीची, मी आत्ता उठून टेप लावून बघितली, 168 सेंटिमीटर, म्हणजे 5 फूट 6 आणि वर एक केस. बुटात इंच वाढतो हे मान्य, पण मुलगी पण सँडल घालूनच येते रे. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच भरतो, तेवढी सूट हवी तर घे, सकाळी मोज. दोन इंच मिळणार नाहीत.

आता जरा नाजूक. तुझी आई म्हणते जन्मवेळ 10:40 च्या ऐवजी 10:10 टाकू, कारण 10:40 ला पत्रिकेत मंगळ येतो आणि 10:10 ला येत नाही. तिला कोणीतरी हे सुचवलंय. हिशोब बरोबर आहे सुचवणाऱ्याचा, लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तुझी 10:40 ला नुकतीच बदललेली, म्हणून अर्धा तास मागे गेलं की पहिल्या स्थानातला मंगळ दुसऱ्यात सरकतो, आणि आपल्याकडे 1, 4, 7, 8, 12 धरतात, दुसरं धरत नाहीत. पण तू झालास तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर मीच बसलो होतो, वेळ मीच चिठ्ठीवर लिहून घेतली, आणि तीच वेळ मी हौसेने सगळ्या नातेवाईकांना कळवली. तुझ्या मामीच्या वहीत आहे, आत्याच्या वहीत आहे. किती वह्या बदलणार? आणि गंमत बघ, नाडी, गण वगैरे जे 36 गुणांत मोजतात ते चंद्राच्या नक्षत्रावरून, नक्षत्र जवळजवळ दिवसभर तेच असतं, अर्ध्या तासाने तुझी नाडी काही बदलत नाही. माझा स्वतःचा या सगळ्यावर विश्वास किती ते तुला माहितीये, पण जे मानतात त्यांना खरी वेळ द्यायची. ज्यांना मंगळ चालत नाही ते आधीच नाही म्हणतील, मंगळाची मुलगी असेल ते लोक उलट मंगळाचाच मुलगा शोधत असतात. वहिनींशी मी बोलतो, तू मध्ये पडू नको.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही, पगार उंची त्यापुढे काहीच नाही. तू लिहिलंयस "कुठेही स्थायिक होण्यास तयार". खरंच तयार आहेस का? गेल्या दिवाळीत तूच म्हणालास की पुण्याची ऑफर सोडली कारण आईचे गुडघे आणि बाबांना एकट्याने जमत नाही. आपल्या इंदूरच्या मराठी मुलांची अडचण मला कळते, महाराष्ट्रातल्या मुली एमपी म्हटलं की नाक मुरडतात, "तिकडे मराठी बोलतात का हो?" असं विचारणारे आहेत अजून. म्हणून मुलं ते एक वाक्य टाकतात, जास्त फोन यावेत म्हणून. फोन येतात, नक्की येतात. पण ते सगळे पुण्यात नोकरी असलेल्या मुलींचे येतात, आणि तिसऱ्या भेटीत मुलगी विचारते की मग कधी शिफ्ट होशील, तेव्हा तू काय सांगणार? माझ्या बघण्यात जेवढी ठरलेली लग्नं मोडली त्यात पगारापेक्षा हे कारण जास्त. तू सरळ लिही: "सुपर कॉरिडॉरला नोकरी, आईवडिलांसोबत इंदूरलाच राहणार." फोन कमी येतील, अगदी मोजके येतील. पण जी मुलगी वर्क फ्रॉम होम करते, किंवा उज्जैन, भोपाळ, बऱ्हाणपूरची आहे, किंवा जिला इंदूर आवडतं, तिला कळू तर दे.

"माझ्याबद्दल" मध्ये तू जे लिहिलंयस, फन लविंग, डाउन टू अर्थ, फॅमिली ओरिएंटेड, ते माझ्याकडे आलेल्या दर दुसऱ्या फॉर्मवर असतं, मी आता वाचत पण नाही. ते सगळं काढ. मी तीन ओळी लिहिल्यात, बघ पटतात का:

"रविवारी सकाळी सायकलवर राऊपर्यंत जातो. स्वयंपाकात वरण-भात आणि साबुदाण्याची खिचडी बऱ्यापैकी येते, पोळ्या येत नाहीत. लवकर बोलत नाही, ओळख झाली की खूप बोलतो."

पोळ्यांचं राहू दे, काढू नको. काकू म्हणाली एवढ्या एका वाक्यावरून मुलीची आई फोन करेल. आणि तो गॉगलवाला फोटो, ज्यात मागे कोणाची तरी मोठी गाडी आहे, तो नको. ती गाडी तुझीच समजतात लोक, मग विचारतात. ताईच्या साखरपुड्यातला निळ्या कुर्त्यातला दे, आणि एक रोजच्या कपड्यातला, फिल्टर न लावता.

घराचा पूर्ण पत्ता पीडीएफमध्ये टाकू नको, फक्त "सुदामा नगर, इंदूर" पुरे, आणि नंबर बाबांचा दे, तुझा नको, नाहीतर ऑफिसात दिवसभर मावश्यांचे फोन घेत बसशील. कुठली पीडीएफ कोणती ते कळायला खाली कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिही, पगार बदलला की तारीख पण बदलायची.

अजून ही पीडीएफ कुठे पाठवली नाहीयेस ना? तुझ्या आईने आत्याला पाठवली असेल तर आजच सांग, आत्याचा ग्रुप दोनशेच्या वर माणसांचा आहे. रविवारी सकाळी ये, दाराशी उभं करून नीट मोजतो, लॅपटॉप घेऊन ये म्हणजे इथेच बदलू. जीरावन संपलंय, येताना घेऊन ये.

तुझा,
बंडूकाका