आधी दिवा, मग कापड, मग फूल

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

वास्तुशांतीच्या सजावटीचा फोटो मिळाला. चौरंगामागे लाल मखमल, त्यावर केशरी झेंडूच्या माळा. दुकानात छान दिसलं असेल, पण घरी झेंडू त्या लालात बुडून जाईल. लाल आणि केशरी एकमेकांच्या फार जवळचे रंग. चार पावलांवरून माळ वेगळी उठतच नाही.

तीस वर्षं साड्यांच्या दुकानात उभा राहिलो, तेव्हा एक गोष्ट रोज पाहिली. जाणती बाई साडी घेऊन आधी दाराशी जायची, उजेडात बघायची. तुझ्या हॉलमधली ट्यूब पांढरी आहे, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल. तिच्याखाली केशरी फिका आणि समईची ज्योत परकी वाटते. पूजेच्या बाजूला २७०० किंवा ३००० केल्विनचे पिवळे दिवे लाव आणि त्या वेळी ट्यूब बंद ठेव. लुकलुकणारी रंगीत माळ नको. क्षणाक्षणाला फुलांचा रंग बदलतो.

पिवळ्या उजेडाचीही खोड आहे. त्यात जांभळा मळकट होतो आणि गडद हिरवा जवळजवळ काळा. तुझ्या आत्याकडे अंजिरी पडद्यावर जांभळी अष्टर लावली होती. सकाळी होमाच्या वेळी देखणी दिसली. संध्याकाळी तीर्थप्रसादाला लोक आले तेव्हा भिंतीवर चिखल उडाल्यासारखी.

म्हणून मागे पोपटी खण घे, बारीक लाल काठाचा. पोपटी दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा टिकतो, झेंडू त्यावर उठून दिसतो आणि पितळी समईही. कापड सुतीच हवं. होमाच्या ठिणगीने नायलॉनची जाळी वितळते, म्हणून ती तिथे नकोच. चौरंगावर मात्र लाल कापड चालेल, तिथे फुलं थोडी असतात. पांढरं घालू नकोस. हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो तांबडा होतो. (तुझ्या मुंजीतलं उपरणं आईने उन्हात टाकून टाकून मग कुठे पांढरं केलं होतं.)

फुलांत केशरी झेंडू आणि पांढरी शेवंती, बस. दोन झेंडूंमध्ये एक आंब्याचं पान ओव, म्हणजे रंग मोकळा होतो. तुझं दार तीन फुटांचं, म्हणजे ३६ इंच. दोन इंची झेंडू चिकटून ओवले तर एका सरळ ओळीला अठरा लागतील. पानं घातली तर त्याहून कमी, पण माळ खाली झुलवायची असेल तर थोडे जास्त धर.

मार्केट यार्डातून आदल्या संध्याकाळी आणशील तेव्हा पिशवीत हात घालून बघ. आत गरम लागलं तर ती फुलं घेऊ नकोस, रात्रीत काळी पडतात. घरी आणल्यावर ओल्या धोतरावर पसरून ठेव, ढीग करू नकोस.

मखमल परत घेतात का विचार. पावती सूनबाईकडे असेल.

तुझे बाबा