मॅडम, ते दोन मिनिटांचं भाषण तुमच्यामुळे झालं

आदरणीय मॅडम,

गेल्या शुक्रवारी श्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसात निवृत्त होणाऱ्या सहकारी बाईंचा निरोप समारंभ झाला आणि टीमतर्फे आभाराचे चार शब्द मी जर्मनमध्ये बोललो. पुण्यात तुमच्या जर्मनच्या वर्गात शिकल्याला इतकी वर्षं झाली, तरी मी रात्री फोन केल्यावर तुम्ही तासभर बसलात. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानायचे आहेत.

माझा पहिला मसुदा म्हणजे मराठी भाषणाचंच जर्मन होतं. त्यात 'आमच्यासाठी आईसमान' होतं, शेवटी 'काही चुकलं असल्यास क्षमा' होतं. तुम्ही दोन्ही काढायला लावलंत आणि विचारलंत, "त्यांनी तुझ्यासाठी नेमकं काय केलं, ते सांग." मी सांगितलं, की पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये सगळे भरभर बोलत, तेव्हा मला मान खाली घालावी लागू नये म्हणून त्या स्वतःच म्हणायच्या, 'बिटं एट्वास लांगझामर', जरा सावकाश. तुम्ही म्हणालात, "हेच भाषण. बाकी नको."

मायेपोटी मी त्यांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणणार होतो. तुम्ही थांबवलंत. इतकी वर्षं अहो-जाहो आहे, आणि 'डू' म्हणायचं ते मोठ्या माणसाने आधी सुचवायचं असतं. भर समारंभात धाकट्याने ते परस्पर सुरू केलं तर त्या अवघडतील. त्यामुळे आरंभ 'लीबं', म्हणजे 'प्रिय', म्हणून, पण आडनावाने, आणि पुढे सगळं आदराचं 'झी'.

मग शेवटचं वाक्य. 'आम्हाला तुमची आठवण येईल' यासाठी मी 'फरमिसन' घेतलं होतं. ते चूक नाही, पण टीमच्या वतीने 'फेलन' जास्त शोभतं, हे तुम्ही सांगितलंत: 'झी वेर्डन उन्स फेलन'. मी सवयीने 'आम्ही'ला कर्ता करत होतो. तुम्ही म्हणालात, "'तुम्ही आम्हाला आठवाल' म्हणतोस ना? तीच रचना. कर्ता त्या, 'आम्हाला' म्हणजे 'उन्स'." तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं. तरी म्हणून दाखवताना माझ्या तोंडून 'झी वेर्डन'ऐवजी 'झी विर्ट' गेलंच. तुम्ही लगेच टोकलंत, "अरे, त्यांच्याशी बोलतोयस की त्यांच्याबद्दल?" 'ती' आणि 'आपण' दोन्ही 'झी'च, कानाला फरक कळतो तो क्रियापदावरून. ते वाक्य तुम्ही माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलंत.

शुक्रवारी मी मीटिंगची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, आज मी सावकाश बोलतोय, कारण ते तुम्हीच मला मिळवून दिलंत. बाई हातातला पेला टेबलावर ठेवून चष्मा पुसू लागल्या. मग मी 'झी वेर्डन उन्स फेलन' म्हटलं, बरोबर म्हटलं, मॅडम. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, आता आपण 'डू' म्हणू या.

तुमचा विद्यार्थी